दोन मध्यकांतला फरक, नऊ-नऊ गाई, आणि बूटस्ट्रॅपचे दोन भलते इंटरव्हल

गोठ्यातली_डॉक्टर
एम.व्ही.एस्सी.चा थीसिस. धार काढल्यावर सड औषधात बुडवलेल्या ९ गाई आणि न बुडवलेल्या ९ गाई. दुधातली सोमॅटिक सेल संख्या, म्हणजे कास सुजली की वाढते ती, हजार प्रति मिली:
बुडवलेल्या: ६२, ७८, ८५, ९६, ११०, १३४, १९०, ३१०, ९२०
न बुडवलेल्या: ८८, १०५, १४०, १६५, २४०, २७५, ४२०, ७८०, १६५०
मध्यक ११० आणि २४०, फरक १३०. R च्या `boot.ci` मधून पर्सेंटाइल इंटरव्हल −५० ते ६४६ आला, बेसिक −३८६ ते ३१०. पुन्हा चालवलं तर टोकं बदलतात. गाइड म्हणतात, बरा दिसेल तो टाक. कोणता छापू? की छापूच नको?

आकडेमोड
पुनर्नमुने हजारच घेतले असणार. एक लाख घ्या, टोकं हलायची थांबतील आणि दोन्ही इंटरव्हल जवळ येतील. बूटस्ट्रॅपला वितरणाची अट नसते, लहान आणि तिरक्या डेटासाठीच तर तो आहे. आणि BCa घ्या, त्यात तिरकेपणाची दुरुस्ती आपोआप होते.

जुना_सांख्यिक
आकडेमोड, टोकं हलण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पुढचं नाही.

नऊ आकड्यांतून परत-परत नऊ उचलले की पुनर्नमुन्याचा मध्यक या नऊपैकीच एक आकडा असतो, अधलामधला कधीच नाही. त्यामुळे प्रत्येकाची शक्यता कागदावर काढता येते. मधला आकडा सुमारे २७% वेळा, त्याच्या शेजारचे दोन प्रत्येकी २२%, पुढचे ११.४%, मग २.९%, आणि टोकाचे दोन जेमतेम ०.१४%. दोन्ही गटांचं मिळून फरकाच्या जास्तीत जास्त ८१ किमती होतात. म्हणजे यादृच्छिक नमुने काढायचीही गरज नाही:

```r
p <- diff(pbinom(4, 9, 0:9/9, lower.tail = FALSE))
D <- outer(b, a, "-"); w <- outer(p, p)
o <- order(D); cbind(D[o], cumsum(w[o]))
```

इथे `a` बुडवलेल्या, `b` न बुडवलेल्या, दोन्ही चढत्या क्रमाने. चालवून बघा: −७० पर्यंत साठलेली शक्यता ०.०२३३ आणि पुढच्याच पायरीला, −५० वर, ती ०.०३६४ होते. आपल्याला हवे ०.०२५. हजार नमुन्यांत ०.०२३३ चा अंदाज सहज ०.०२५ च्या वर सरकतो, मग टोक −५० ऐवजी −७० येतं. वरच्या टोकाला तोच प्रकार, ६४६ आणि ५९० मध्ये. डॉक्टर, तुमची टोकं सीडमुळे हलताहेत. एक लाखाने ते थांबेल, वरच्या तीन ओळींनी पुरतंच थांबेल.

पण पर्सेंटाइल आणि बेसिक एक कोटी नमुन्यांनीही जवळ येणार नाहीत. बेसिक रीत वितरण १३० भोवती आरशासारखं उलटवते: २×१३० − ६४६ = −३८६. तुमची लांब शेपटी उजवीकडे आहे, ती रीत तिला उचलून डावीकडे लावते. आता −३८६ चा अर्थ लावू. सेल संख्या शून्याखाली जात नाही, म्हणजे बुडवलेल्या गाईंचा खरा मध्यक किमान ३८६ असायला हवा. त्यांच्या नऊपैकी आठ गाई तर ३१० किंवा त्याखाली. मध्यक खरोखर तेवढा असता तर नऊपैकी आठ किंवा जास्त गाई त्याच्या खाली पडण्याची शक्यता फार तर ५१२ त १०, म्हणजे दोन टक्के. तेही दुसऱ्या गटाचा मध्यक शून्य धरून. असं टोक छापायचं नसतं.

BCa मध्ये तिरकेपणाची दुरुस्ती एकेक आकडा वगळून, म्हणजे जॅकनाइफने, काढतात. तुमच्या पहिल्या गटात खालच्या चारांपैकी कोणतीही गाय वगळा, मध्यक १२२. वरच्या चारांपैकी कोणतीही वगळा, १०३. मधली वगळली तर ११५. ९२० वाली काढली काय आणि १३४ वाली काढली काय, त्या दुरुस्तीला फरक कळतच नाही. मध्यकापुरता जॅकनाइफ मुळातच लंगडा आहे. त्यावर उभी असलेली दुरुस्ती इथे शोभेपुरती.

आकडेमोड
जॅकनाइफचं मान्य, लक्षात नव्हतं. मग पर्सेंटाइल तरी कशाच्या जोरावर?

जुना_सांख्यिक
एकाच गटाचं बघा. नऊ आकड्यांत पर्सेंटाइलची टोकं दुसऱ्या आणि आठव्या आकड्यावर पडतात. क्रमाने लावलेल्या आकड्यांवरून काढलेला अचूक इंटरव्हलही तोच, ९६.१% चा, आणि त्याला वितरण तिरकं असल्याने काही होत नाही. दोन गटांच्या फरकाला इतकी स्वच्छ हमी मिळत नाही. पण रँड विल्कॉक्ससारखे सांख्यिक मध्यकांच्या तुलनेला पर्सेंटाइल बूटस्ट्रॅपच सुचवतात. मी तोच छापेन, रीतीचं नाव घालून.

लॅबवाला_बारामती
मुळात मध्यकाचा हट्ट कशाला? सेल संख्येचा लॉग घेऊन काम करायची पद्धत पशुवैद्यकात जुनी आहे. मी आत्ता काढलं: भूमितीय सरासरी १४७ आणि २७०, गुणोत्तर १.८४, ९५% इंटरव्हल ०.७४ ते ४.६. नीट वाचता येतो, एका ओळीत सांगता येतो, सीडबिडची भानगड नाही. नऊ आकड्यांतले आठ फेकून मधलाच धरून बसायचं, ही चैन मोठ्या नमुन्याला परवडते.

गोठ्यातली_डॉक्टर
फेकत नाही हो सर, इंटरव्हलमध्ये ते येतातच ना. शिवाय लॉग घेतल्यावरही ९२० वाली बाहेरच उभी दिसते, स्वतःच्या गटाच्या सरासरीपासून दोन एसडीपेक्षा लांब. आणि प्रस्तावात "मध्यकांतला फरक" असं आधीच लिहून दिलंय. आता आकडे बघून बदललं तर परीक्षक पहिला तोच प्रश्न विचारतील.

लॅबवाला_बारामती
हे कारण मात्र खरं आहे. पण पुढच्या वेळी प्रस्तावातच लॉग घाला. माझं मत तसूभर बदललेलं नाही.

दूधवाले_काका
मी शेतकरी, आकडेशास्त्र कळत नाही. पण डेअरीत चाळीस गाईंचं दूध एका टाकीत पडतं. एखाद्या गाईला दगडी झाली की टाकीचाच रिपोर्ट बिघडतो. तिथे तुमच्या मधल्या गाईला कोण विचारतं?

जुना_सांख्यिक
काका, टाकीला साधी सरासरी लागते आणि ती ९२० व १६५० या दोघीच ठरवतात: २२१ विरुद्ध ४२९, तेही प्रत्येकीचं दूध सारखं धरून. डॉक्टरांचा प्रश्न नेहमीच्या गाईचा आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमचाही थीसिसात एका वाक्याने यायला हवा.

रेघोट्या
इतकं कशाला? `wilcox.test(b, a, conf.int = TRUE)` चालवा. −३५ ते ३५८. अरुंद, अचूक, सगळ्या परीक्षकांना ओळखीचा. मध्यकांच्या फरकाचा इंटरव्हल हाच.

जुना_सांख्यिक
त्याच आउटपुटमध्ये खाली अंदाज किती छापलाय? ८०. तुमचा फरक १३०. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. विल्कॉक्सनबरोबर येतो तो सगळ्या ८१ जोड्यांच्या फरकांचा मध्यक. दोन्ही वितरणं एकाच आकाराची आणि फक्त सरकलेली असतील तरच तो मध्यकांच्या फरकाइतका धरता येतो. इथे न बुडवलेल्यांचा पसारा उघडच जास्त आहे. ८० आणि त्यापुढे −३५ ते ३५८ छापा, मला हरकत नाही. पण १३० च्या पुढे तो इंटरव्हल चिकटवलेले प्रबंध मी बरेच पाहिलेत आणि दरवेळी परत पाठवलेत.

रेघोट्या
परत पाठवलेत म्हणजे तुम्हीच ते परीक्षक! मान्य, अंदाज वेगळा आहे. तरी मी ८० च छापेन. जोडी-जोडीने तुलना म्हणजे "ही गाय त्या गाईपेक्षा किती", आणि गोठ्यात हाच प्रश्न विचारतात.

फिजिओ_कोल्हापूर
माझ्याकडे ७ रुग्णांचं गुडघा वाकण्याचं माप आहे, व्यायामाआधी आणि सहा आठवड्यांनी. मीही आधीच्या सातांचे आणि नंतरच्या सातांचे वेगवेगळे पुनर्नमुने काढून वजा केले. म्हणजे माझंही पर्सेंटाइलच ना?

जुना_सांख्यिक
ताई, तुमची गोष्ट वेगळी आहे. तोच रुग्ण दोन्हीकडे आहे, त्यामुळे पुनर्नमुन्यात रुग्ण उचलायचा, त्याची दोन्ही मापं एकत्र. वेगवेगळे उचलले की रमेशचं "आधी" आणि सुरेशचं "नंतर" एकत्र येतं आणि इंटरव्हल उगाच फुगतो. आणि ठरवा: फरकांचा मध्यक हवा की मध्यकांचा फरक? ते एकच नसतात. नवीन धागा काढा, इथे गाई आहेत.

टिंब_टिंब
सगळ्यांना एकच विचारतो. −५० ते ६४६ वाचून परीक्षकाला काय कळलं? काहीच नाही. माझ्या थीसिसात प्रत्येक गटात ५ होते. तिथे तर सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा घेऊनही एका मध्यकाला ९३.७५% च्या वर जाता येत नाही, तरी सॉफ्टवेअरने "९५%" लिहून गुळगुळीत इंटरव्हल दिला आणि मी तो छापला. आजही लाज वाटते. अठरा टिंबं काढा, दोन मध्यक लिहा, इंटरव्हल गाळा.

आकडेमोड
पाचाला पटलं. नवाला नाही. इंटरव्हल गाळला की वाचणारा १३० हाच शब्दशः धरतो. ६४६ बघून निदान दचकतो.

जुना_सांख्यिक
टिंबं काढाच, पण इंटरव्हलसकट. नाहीतर नंतरचे लोक या १३० वरून पुढच्या अभ्यासाचा नमुना ठरवतात. पाचाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने.

गोठ्यातली_डॉक्टर
हे लिहिलंय, बघा: "मध्यकांतला फरक १३० हजार प्रति मिली, ९५% पर्सेंटाइल बूटस्ट्रॅप इंटरव्हल −५० ते ६४६, बूटस्ट्रॅप वितरण अचूक मोजून, प्रत्येक गटात ९ गाई, सर्व मोजमापं आकृतीत." लॉगचं गुणोत्तर परिशिष्टात, "प्रस्तावाबाहेरचं" असं म्हणून. बेसिक काढला. गाइडना −३८६ चा हिशेब दाखवला, ते हसले आणि सही केली.
एक राहिलं. ९२० वाल्या गाईला नमुना घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी कास सुजली होती, नोंदवहीत आहे. ठेवू की काढू?

जुना_सांख्यिक
आजारी गाय वगळायचा नियम नमुना घेण्याआधी लिहिला होता?

गोठ्यातली_डॉक्टर
नव्हता.

लॅबवाला_बारामती
काढा. आजारी गाय म्हणजे दुसरीच लोकसंख्या.

जुना_सांख्यिक
ठेवा. सड बुडवतात ते कास सुजू नये म्हणूनच. सुजलेली गाय काढली तर औषधाचं अपयशच काढून टाकलं.