भिंतीचा ओळंबा, २०,००० बिंदू आणि एसव्हीडी

नवा_मोजणीदार
६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतीचे २०,००० बिंदू लेझर स्कॅनरने घेतले. x भिंतीला काटकोनात, z उभा. z = ax + by + c हे समीकरण न्यूनतम वर्ग पद्धतीने बसवले, तर भिंत ३ मीटरमध्ये १९ मिमी झुकलेली निघते. ओळंबा लावला तर झोक जेमतेम ३ मिमी आहे. सगळे जण एसव्हीडी, म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू डिकॉम्पोझिशन, वापरा म्हणतात. त्याने खरोखर फरक पडेल का?

जुना_गणिती
पडेल, कारण चूक बिंदूंत नसून समीकरणात आहे. z = ax + by + c असे लिहिले की x आणि y अचूक आहेत आणि सगळी त्रुटी z मध्येच आहे, असे आपण गृहीत धरतो. तुमच्या भिंतीचा खरा झोक मीटरला १ मिमी, म्हणजे a १००० यायला हवा. त्या झोकामुळे x मध्ये जो फरक पडतो त्याचा वर्ग सरासरी ०.७५ चौ. मिमी भरतो, आणि स्कॅनरची त्रुटी २ मिमी धरली तर तिचा वर्ग ४. पद्धत या दोहोंतला भेद करू शकत नाही, म्हणून a हा ०.७५ ला ४.७५ ने भागून येणाऱ्या प्रमाणात, सुमारे १५८ पर्यंत, आक्रसतो. ३००० मिमीला १५८ ने भागा, तुमचे १९ मिमी मिळतील. बिंदू २० लाख घेतले तरी हेच उत्तर येईल, फक्त अधिक ठामपणे.

एसव्हीडी प्रतलापासूनची लंब अंतरे मोजते, त्यामुळे तिला कोणताही अक्ष लाडका नसतो.

```python
c = P.mean(axis=0)
U, s, Vt = np.linalg.svd(P - c, full_matrices=False)
n = Vt[2]
```

यात P म्हणजे तुमचे बिंदू, n ही प्रतलाला लंब दिशा, आणि s मधल्या तीन संख्या बिंदू तीन दिशांना किती पसरले आहेत ते सांगतात. सरासरी वजा करायला विसरलात, तर प्रतल जबरदस्तीने आरंभबिंदूतून जाईल.

साइटवाला
या साध्या कामासाठी एवढा घाट कशाला? x = ay + bz + c असे लिहा, उत्तर ३ मिमीच येईल. स्कॅनर भिंतीसमोर उभा असताना त्रुटी मुख्यतः अंतरात, म्हणजे x मध्येच असते. तेव्हा माझे गृहीतक उलट तुमच्यापेक्षा वास्तवाला धरून आहे. एसव्हीडी तिन्ही दिशांना सारखीच त्रुटी मानते, हे आपण सांगितलेच नाही.

जुना_गणिती
ते सांगायला हवे होते, मान्य. या भिंतीपुरते आपले उत्तरही बरोबर आहे. मात्र कोणता अक्ष डावीकडे घ्यायचा हे आपल्याला आधी ठाऊक होते म्हणून ते जमले. छताचे उतार, जिने आणि तिरक्या भिंती एकाच फाइलमध्ये असतील, तर दर तुकड्यासाठी हा निर्णय कोण घेणार?

साइटवाला
इमारतीत भिंत कुठे आहे हे नकाशावरून कळते. आणि ५ सेंमीच्या तुकड्यावर १ सेंमी त्रुटी असेल, तर आपले समान त्रुटीचे गृहीतकच उत्तर बिघडवेल.

घाटातला_भूवैज्ञानिक
माझा एसव्हीडीवरचा विश्वास मागेच उडाला. घाटरस्त्याच्या कडेने दोन लाव्हाथरांमधल्या सीमेचे १२ बिंदू हातातल्या जीपीएसने घेतले, तर थराचा कल ४० अंश आला. सह्याद्रीतले बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे असतात, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

जुना_गणिती
आपल्या s मधल्या तीन संख्या कोणत्या होत्या?

घाटातला_भूवैज्ञानिक
४१०, ९ आणि ७.

जुना_गणिती
मग दोष पद्धतीचा नाही. रस्ता जवळजवळ सरळ असल्याने आपले बिंदू एका रेषेवर आहेत. ९ आणि ७ या दोन्ही जीपीएसच्या त्रुटीतच मोडतात, म्हणून त्या रेषेभोवती प्रतल दाराच्या बिजागरीवर फिरावे तसे कुठेही थांबू शकते. दरीच्या पलीकडे जाऊन तीच सीमा दोन-तीन ठिकाणी नोंदवल्याशिवाय कल ठरणार नाही, मग समीकरण कोणतेही घ्या.

घाटातला_भूवैज्ञानिक
पलीकडे कडा आहे. शिवाय माझ्या जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा बरीच मोठी असते. ती समान मानणे मला अजूनही पटत नाही.

नवा_मोजणीदार
करून पाहिले. आधी full_matrices=False लिहायचे राहिले, तेव्हा U साठी ३.२ जीबी मागितली गेली आणि संगणक गारठला. नंतर s मध्ये २४५, १२२ आणि ०.२८ आले. ०.२८ ला २०,००० च्या वर्गमुळाने भागले तर २ मिमी येते, म्हणजे स्कॅनरची त्रुटीच. n चा z घटक ०.००१ आहे, म्हणजे ३ मीटरला ३ मिमी. साइटवाल्यांचे समीकरणही चालवले, त्यानेही तेच सांगितले. आता शेजारची ४५ अंशातली भिंत बाकी आहे. ती कोणत्या समीकरणाने करू, ते साइटवाल्यांनीच सांगावे.