‘नॉर्मल’ म्हणजे साधारण की स्तंभिका? आणि पेपरात त्यासाठी वेळ किती धरायचा?

सुलभा, खानापूर: मुलगा मराठी माध्यमातून एसएसएलसी झाला, आता बेळगावात पहिल्या पीयूसीला सायन्सला आहे. प्रकाशाच्या गणितात ‘किरण नॉर्मलशी अमुक कोन करतो’ असं इंग्रजीत होतं. त्याने नॉर्मल म्हणजे साधारण असं धरलं आणि कोन पृष्ठभागापासून मोजला. या शब्दाला आपल्याकडे काय म्हणतात? आणि अशा शब्दांसाठी सरावात जादा वेळ किती धरावा?

महादेव, निपाणी: स्तंभिका. दहावीच्या पुस्तकात आपाती किरण आणि परावर्तित किरणांच्या मधोमध जी रेघ असते, तीच. आता इंग्रजी शब्द पाठ करून घ्या, महिन्याभरात सगळं सुरळीत होतं. आणि नीटची परीक्षा मराठीतून देता येते, मग एवढी काळजी कशाला?

अनिता, चिक्कोडी: नीट मराठीतून आहे हे खरं, पण मराठीची प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. आपल्या पोराला त्यासाठी कोल्हापूरकडचं केंद्र घ्यावं लागतं. शिवाय कर्नाटकाची सीईटी मराठीतून नाहीच, आणि पीयूचा पेपरही मराठीत येत नाही.

बसवराज, बेळगाव: जादा वेळ मिळतो की! माझ्या पुतण्याला तासाला २० मिनिटं मिळाली होती. अर्ज करा.

अनिता, चिक्कोडी: दादा, ती सवलत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहे. माध्यम बदललं म्हणून परीक्षेत मिनिटही वाढवून मिळत नाही. ताई सरावाबद्दल विचारताहेत.

विठ्ठल सर, बेळगाव: मी पीयूच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. महादेवरावांचं अर्धं बरोबर आहे. त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, हे शब्द पोरं खरोखरच लवकर उचलतात. अनोळखी दिसतात म्हणून पोरगं तिथे थांबतं, विचारतं आणि लक्षात ठेवतं. नॉर्मलवर ते थांबतच नाही, कारण तो शब्द त्याला आधीच येतो. समजा, किरण पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करतो. आपाती कोन स्तंभिकेपासून मोजायचा, म्हणजे तो ६० अंश. पोराने ३० धरले तर पुढचं सगळं गणित बिनचूक करूनही उत्तर चुकतं आणि कुठे चुकलं तेही कळत नाही. सोल्युशनचंही असंच होतं. केमिस्ट्रीत ते द्रावण, पण पोराच्या डोक्यात ‘उत्तर’ पक्कं बसलेलं असतं. भूमितीत ‘बाजू प्रोड्यूस केली’ म्हणजे वाढवली, हे तर कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता वेळेचं. सीईटीला एका विषयाचे ६० प्रश्न आणि ८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ८० सेकंद. आधी मोजून बघा. एकाच धड्यावरचे, सारख्याच अवघडपणाचे १० प्रश्न मराठीत आणि १० इंग्रजीत द्या, दोन्हीची वेळ लिहा. समजा मराठीत ८०० सेकंद लागले आणि इंग्रजीत १०५०. म्हणजे प्रश्नामागे २५ सेकंद भाषेला गेले. साठ प्रश्नांना १५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. या मुलाचा पहिला सराव १०५ मिनिटांचा ठेवा. बरोबर उत्तरं टिकली तर पुढच्या पेपरला ५ मिनिटं कमी करा, घसरली तर तिथेच थांबा. पहिल्याच दिवशी ८० मिनिटं लावली की पोरगं वाचायचं सोडून अंदाज बांधायला लागतं. आकडे पटापट सूत्रात भरलेले आणि ‘फ्रॉम रेस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘एक्सेप्ट’ यांच्याकडे दुर्लक्ष झालेलं दिसलं, तर समजा हेच चाललंय.

सुलभा, खानापूर: सर, मराठीतच ८० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर?

विठ्ठल सर, बेळगाव: मग तेवढा भाग विषयाचा, भाषेचा नाही. त्यावर शब्दांची वही काही करणार नाही, धडाच परत घ्यावा लागेल.

महादेव, निपाणी: माझं मत तरी असं, की मराठी शब्द आता मागे टाकावेत. दोन-दोन शब्द डोक्यात ठेवले की वेळ दुप्पट जातो.

विठ्ठल सर, बेळगाव: मला नाही पटत. ‘स्तंभिका’ म्हटल्याबरोबर ज्याच्या डोळ्यांपुढे रेघ उभी राहते, त्याला नॉर्मल एका वाक्यात समजावता येतो. पण माझ्याच वर्गात काही पोरं मराठी शब्द सोडून लवकर सुटली, हेही खरं आहे.

अनिता, चिक्कोडी: आमच्याकडे तिसरंच. शेजारची कन्नड माध्यमाची मैत्रीण ॲक्सलरेशनला वेगोत्कर्ष म्हणते, माझी लेक त्वरण. दोघी एकत्र अभ्यासाला बसतात तेव्हा इंग्रजी शब्दच बोलतात, आणि गणित मात्र लेक मनात मराठीतून करते. तिला मोडता घालावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.