घरगुती पार्लर: पहिलं किट आणि टिकलेली गिऱ्हाइकं

अंगणवेल: घरातूनच पार्लरचं काम करणाऱ्या मैत्रिणींनो, सुरुवातीला काय घेतलंत आणि बायका पुन्हा पुन्हा कशासाठी येऊ लागल्या, ते सांगा. मी नुकताच कोर्स संपवलाय.

कराडची ताई: माझ्या पहिल्या डब्यात दोऱ्याचं रीळ, छोटी कात्री, प्लकर, पावडर, कापूस, कोरफडीचं जेल आणि हातातला आरसा एवढंच होतं. फेशियलचं सामान नंतर घेतलं. भुवया तीन-चार आठवड्यांत परत वाढतात, म्हणून आयब्रोवालीच नेमाने येते आणि मग तीच क्लीनअपचं विचारते.

आयब्रो करताना आधी पावडर लावायची. मग तिला एका हाताने कपाळ वर आणि दुसऱ्याने पापणी खाली ताणून धरायला सांगायचं. कातडी सैल राहिली की दोऱ्यात चिमटते आणि बारीक कापतं. एक भुवई पुरती संपवून दुसरीला हात घालू नका. दोन्हीकडचं थोडं थोडं काढा आणि मध्येच तिला सरळ बसवून आरसा द्या. मागे रेललेली असताना न दिसलेला फरक बसल्यावर लगेच कळतो. तारीख वहीत लिहा, तीन आठवड्यांनी मेसेज टाका.

पूर्वा_७: ब्लीचही घ्याच. त्यात ॲक्टिव्हेटर जरा जास्त घातलं की पटकन होतं, वेळ वाचतो.

कराडची ताई: पटकन होतं खरं, पण चेहरा भाजतो. पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. आयब्रो, अपर लिप केलेल्या दिवशी तर तिथे ब्लीच नकोच, फार चुरचुरतं. पिंपल्सची क्रीम लावते का, हेही विचारा. अशा क्रीमने कातडी हळवी झाली असेल तर वॅक्सने सोलवटते.

शुभदा: मला थ्रेडिंगनंतर दर वेळी कपाळावर पुळ्या येतात. दोरा बदलू का?

अंगणवेल: तुम्ही करून घेता की करता?

शुभदा: करून घेते.

कराडची ताई: दोरा दर गिऱ्हाइकाला नवीनच हवा. सगळ्यांना एकच पावडरचा पफ लावतात का, तेही बघा. तरी आल्या तर डॉक्टरांना दाखवा.

नथवाली: मी नवरीचा मेकअप करते. ट्रायलला बेस अगदी जुळलेला असतो, पण हळदीनंतर चेहऱ्याला पिवळी झाक येते आणि तोच बेस वेगळा दिसतो. आता हळदीआधी केसांच्या कडेला नि भुवयांना खोबरेल लावायला सांगते. लग्नाच्या सकाळी खिडकीच्या उजेडात जबडा आणि मान बघून शेड पुन्हा ठरवते. मुंडावळ्यांच्या दोऱ्याखाली कपाळावरचा बेस घासून निघतो, म्हणून तिथे पातळच थर देते आणि दाबून पावडर बसवते. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे काजळ आणि मस्कारा वॉटरप्रूफच. फेशियल चार-पाच दिवस आधी उरकायचं, आणि तेही तिने पूर्वी केलेलंच. नवीन काही नको.

पूर्वा_७: ट्रायलचे पैसे घेता का?

नथवाली: घेते, काम ठरलं की त्यातून वळते करते.

कराडची ताई: आमच्याकडे ट्रायलचे पैसे म्हटलं की बाई दुसरीकडे जाते. मी फक्त आगाऊ रक्कम घेते.