मदत हवी आहे: असेंब्ली लाइनवर माणूस वाढवूनही नग वाढत नाहीत

लाइन_सहा
मिक्सर ग्राइंडरची असेंब्ली आहे, सहा स्टेशन. रोज 500 नग हवेत, 370 च्या वर जात नाही. टॅक्ट टाइम, म्हणजे एका नगामागे मिळणारा वेळ, काढला तर 61 सेकंद येतो. वायरिंग सोडलं तर कुठल्याच स्टेशनला 61 लागत नाहीत. म्हणून एक माणूस वाढवला, तरी आकडा जागचा हलला नाही. कामं कशी वाटायची ते सांगा. सोमवारपासून बदल करायचा आहे, थिअरी नको.

टॉर्क_भाऊ
इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि कन्व्हेयरचा वेग वाढवा. बाकी सगळी पोपटपंची आहे.

पुली_बेल्ट
माणूस कुठे वाढवला? प्रत्येक स्टेशनला किती सेकंद? 61 कुठून आला? सुट्ट्या वजा केल्यात का? आणि कन्व्हेयर आहे की नग हाताने पुढे सरकतात? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगत असेल तर तो अंदाजपंचे.

लाइन_सहा
कन्व्हेयर नाही, टेबलावरून सरकवतात. ड्रायव्हर इलेक्ट्रिकच आहेत. शिफ्ट साडेआठ तासांची, म्हणजे 510 मिनिटं, भागिले 500. माणूस पॅकिंगला दिला, कारण शेवटी माल साचलेला दिसायचा.
वेळा अशा:
1. मोटर बॉडीत बसवणे: 48
2. रोटरी स्विच आणि नॉब: 44
3. वायरिंग: 66
4. तळप्लेट, रबरी पाय, लेबल: 51
5. टेस्टिंग: 58
6. कपलर, पुसणे, पॅकिंग: 39

बॉबिन
आमच्या शिलाई लाइनला 32 मशीन आहेत. तिथे आम्ही ऑपरेटरला पीस रेट देतो, मग बॅलन्सिंग आपोआप होतं. तुम्ही पीस रेट का देत नाही?

पुली_बेल्ट
बॉबिन, पीस रेटने वायरिंगवाल्याचे हात 66 वरून 61 वर येणार नाहीत, क्रिंप मात्र सैल सुटतील.

लाइन_सहा, 510 मिनिटांत जेवण, चहा, सकाळची मीटिंग धरली आहे का? ती काढा. माणूस काम करतो तेवढाच वेळ भागायचा.

लाइन_सहा
जेवण 30, चहा 10-10, मीटिंग 10. म्हणजे 450 मिनिटं उरतात.

पुली_बेल्ट
27,000 सेकंद भागिले 500, टॅक्ट 54. म्हणजे वायरिंगच नव्हे, टेस्टिंगही टॅक्टच्या वर आहे. 61 धरल्यामुळे टेस्टिंग तुम्हाला ठीक दिसत होतं.

पॅकिंगला माणूस दिला तो फुकट गेला. लाइन सर्वांत संथ स्टेशनच्याच गतीने चालते आणि पॅकिंग 39 वर आहे, सर्वांत मोकळं. शेवटी दिसणारा साठा बहुधा खोके किंवा टेप वेळेवर न आल्याचा असेल. कुठल्या स्टेशनच्या आधी माल तुंबतो आणि कुठलं स्टेशन हात बांधून उभं असतं ते बघा, खरं दुखणं तिथे.

पण मला खटकतंय ते वेगळंच. 66 सेकंदांनी 27,000 ला भागलं तर 409 नग निघायला हवेत. तुमचे 370 निघतात. 39 नगांचे 66 प्रमाणे जवळपास 43 मिनिटं रोज वायरिंग स्टेशनवरून गायब होतात. ती कुठे जातात?

टॉर्क_भाऊ
त्यात काय, माणूस थकतो. सरासरी वेळेत 15 टक्के अलाउन्स मिळवा, हिशोब जुळेल.

पुली_बेल्ट
चहा-जेवण आधीच वजा झालंय. थोडी थकव्याची सूट धरता येईल, पण सरसकट 15 टक्के लावले की 43 मिनिटांचं कारण कायमचं झाकलं जाईल. आणि सरासरीत मटेरियल संपलेल्या, कुणी हाक मारलेल्या फेऱ्याही येतात. दहा-बारा फेऱ्या मोजा, त्यात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत कमी आकडा हा कामाचा वेळ. त्याच्या वरचं सगळं अडथळा. ते वेगळं लिहायचं, कारण त्याचा इलाजही वेगळा असतो.

क्यूसी_ताई
टेस्टिंगला फेल झालेले नग कुठे जातात, दादा?

लाइन_सहा
वायरिंगवाल्याकडेच परत. त्यालाच कळतं ना. दिवसाला 10-12 असतात, एकेकाला तीन-चार मिनिटं.

क्यूसी_ताई
मग ही घ्या तुमची गायब मिनिटं. 11 नग गुणिले चार, 44 मिनिटं. जिथे लाइन आधीच अडते, तिथेच तुम्ही रिवर्क टाकताय.

पुली_बेल्ट
ताईंनी बरोबर पकडलं. पॅकिंगला दिलेला माणूस तिथून काढा आणि रिवर्कसाठी बाजूला वेगळं टेबल मांडा. लाइनवर परत नग नाही, असा नियम. हे उद्याच करा, एकही काम न हलवता चारशेच्या आसपास जाल.

लाइन_सहा
ओके. पण 500?

पुली_बेल्ट
त्यासाठी वायरिंगचे 66 फोडून द्या. कुठल्या कामाला किती, आणि कुठलं काम कशाआधी व्हायलाच हवं, दोन्ही. टेस्टिंगच्या 58 मध्ये माणसाचे हात किती आणि मशीन चालतं ते किती, तेही.

लाइन_सहा
स्पीडच्या तीन लीड स्विचला जोडणे 18, ओव्हरलोड स्विच तळप्लेटमध्ये नटाने बसवणे 9, कॉर्ड ग्रोमेटमधून ओढून क्लॅम्प 14, कॉर्डला टर्मिनल क्रिंप करून जोडणे 13 (नुसतं क्रिंपिंग 8), वायरी बांधणे 12. ओव्हरलोडच्या दोन वायरी आधीच लावलेल्या येतात. टेस्टिंगला मोटर 20 सेकंद चालवून बघतो, तेवढा वेळ माणूस उभा असतो.

टॉर्क_भाऊ
सोपं आहे. स्टेशन 2 ला 44 च आहेत. तीनपैकी एक लीड तिकडे द्या, सहा सेकंद गेले. आणि हायव्होल्टेज टेस्ट तळप्लेट लावायच्या आधी घ्या, फेल झाला तर उघडायला नको, रिवर्कही वाचेल.

क्यूसी_ताई
दोन्ही नको. लीड दोघांत विभागल्या की लो आणि हायची अदलाबदल होणार, आणि चूक कुणाची तेही कळणार नाही. तीन लीड म्हणजे एकच काम, एकाच हाताचं.

हायव्होल्टेज टेस्ट आधी घ्यायची तर ती कशासाठी घेताय? निम्मा दोष तर प्लेट बंद करतानाच होतो. नीट न बांधलेली वायर प्लेट आणि बॉडीच्या स्क्रू-खांबाच्या मध्ये येते, स्क्रू आवळला की दाबली जाते. उघडून बघा, स्लीव्हवर नखाएवढा चपटा डाग दिसतो, कधी आतली तार चमकते. प्लेट बंद झाल्यावर टेस्ट केली नाही तर तो नग ग्राहकाच्या हातात जाणार. लवकर पकडायचंच असेल तर प्लेटआधी एक जास्तीची चाचणी लावा. शेवटची मात्र हलवायची नाही.

टॉर्क_भाऊ
लीडचं मान्य. टेस्टचं पूर्ण मान्य नाही. आमच्याकडे आधी घेतात.

क्यूसी_ताई
आणि नंतर?

टॉर्क_भाऊ
नंतरही घेतात.

पुली_बेल्ट
मग वाद कशाचा? असो.

लाइन_सहा, माझी मांडणी अशी. ओव्हरलोड प्लेटमध्ये बसवणे हे वायरिंगचं काम नाहीच. वायरिंगवाल्याने ओव्हरलोड त्याच्या दोन वायरींवर लोंबत सोडायचा, स्टेशन 4 वाल्याने प्लेट बंद करायच्या आधी तो भोकात घालून नट लावायचा. लेबल स्टेशन 4 वरून काढून टेस्टिंगला द्या, पास झाल्यावरच लागलेलं बरं. क्रिंपिंग पॅकिंगवाल्याने सवडीने करून कॉर्डची बिन भरून द्यावी. आणि टेस्टिंगला दोन फिक्श्चर. एकात मोटर चालू असताना दुसऱ्यातला नग काढायचा-चढवायचा. हाताचे 38, इकडून तिकडे वळायला 3, लेबलचे 8, म्हणजे 49.

क्यूसी_ताई
थांबा. ते 20 सेकंद "माणूस उभा" नाहीत. त्यात तो ॲम्पियर बघतो आणि बेअरिंगचा आवाज ऐकतो. पाठ फिरवून दुसरा नग चढवत असेल तर घासणारी मोटर निसटणारच.

पुली_बेल्ट
मान्य. मग शेवटचे 5 सेकंद राखून ठेवा. सुरुवातीचा करंट तसाही जास्त असतो, स्थिर झाल्यावरच वाचायचा. म्हणजे 49 चे 54 झाले, टॅक्टच्या अगदी काठावर. हे चालणार नाही, एक नग अडकला की संपलं. तेव्हा लेबल टेस्टिंगऐवजी पॅकिंगला, आणि क्रिंपिंग स्टेशन 2 ला. तिथला माणूस बॉडीसोबत तयार कॉर्ड पुढे सरकवेल, बिन वाहायची गरजच नाही.

आता असं होतं: स्टेशन 1 ला 48, दोनला 52, वायरिंगला 49, चारला 52, टेस्टिंगला 46, पॅकिंगला 47. सर्वांत संथ 52, म्हणजे 519 नग. फेल नग दुसऱ्यांदा टेस्टिंगला आला तरी 46 मध्ये ते पचतं.

एक पथ्य. हायव्होल्टेज झाकणबंद पेटीतच, झाकण उघडलं की पुरवठा तुटला पाहिजे. दोन फिक्श्चरच्या घाईत लोक नेमका तोच स्विच बांधून टाकतात.

बॉबिन
सगळ्यांना बरोब्बर 49 का नाही वाटत? एकूण 294, भागिले सहा.

पुली_बेल्ट
कागदावर येतं, हातात येत नाही. एक स्क्रू अर्धा इकडे, अर्धा तिकडे करता येत नाही. कामाचा सर्वांत लहान तुकडा जेवढा, तेवढा फरक राहणारच.

लाइन_सहा
सोमवारी रिवर्क टेबल, ओव्हरलोड आणि लेबलचं करतो. दुसरं फिक्श्चर यायला वेळ आहे. सप्लायर टर्मिनल लावलेली कॉर्ड देतो म्हणतोय.

पुली_बेल्ट
फिक्श्चर येईपर्यंत टेस्टिंगच 58 वर अडणार, सुमारे 465 नग. तेवढ्यावर थांबायची तयारी ठेवा. तयार कॉर्ड आली तर स्टेशन 2 परत 44. पण चार मात्र 52 वरच राहतं, आता तिथे लक्ष द्या. स्क्रू वाटीतून एकेक चिमटीत उचलतात का?

लाइन_सहा
हो. चार स्क्रू, दोन तरी वाटीत परत पडतात.

टॉर्क_भाऊ
मी पहिल्यापासून स्क्रूड्रायव्हरच म्हणत होतो!

पुली_बेल्ट
ड्रायव्हर आहे, स्क्रू पुरवणारं नाही. एकेक स्क्रू उभा करून देणारा फीडर लावा आणि मॅग्नेटिक बिट. किती सेकंद वाचतात ते लावल्यावर मोजा, आत्ता धरू नका. प्लास्टिकच्या खांबात पहिला स्क्रू तिरपा गेला तर आटे जातात, म्हणून चारही हलके लावून मग कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आवळायचे. घाईत हेच सुटतं आणि मग तो नगही रिवर्कला.

क्यूसी_ताई
रिवर्क टेबलावर एक वही ठेवा, नग का फेल झाला तेवढंच लिहायला. दाबलेली वायर जास्त निघाली तर वायर बांधण्याच्या 12 सेकंदांना हात लावू नका.

बॉबिन
मग पीस रेटचं काय ठरलं?