मदत हवी आहे: एसक्यूएसच्या डेड लेटर क्यूतले मेसेज कधी तपासायचे?

चकोर_पुणे: ऑर्डर आली की बिलाची पीडीएफ बनवायचं काम आमच्याकडे स्टँडर्ड एसक्यूएस रांगेत पडतं. `maxReceiveCount` ३, व्हिजिबिलिटी टाइमआउट ३० सेकंद, रिटेन्शन दोन्ही रांगांना ४ दिवस. शुक्रवारी रात्री वर्कर बंद पडला, तो रविवारी दुपारी चालू झाला. नेमकी तेव्हाच पीडीएफ सर्व्हिस दहा मिनिटं बंद होती, त्यामुळे साचलेलं सगळं डीएलक्यूत गेलं. बुधवारी सकाळी उघडलं तर शनिवार संध्याकाळचे मेसेज आहेत, शुक्रवारचे गायब. डीएलक्यूत येऊन तीन दिवसही झाले नव्हते! आकडे किती ठेवू आणि तपासणी कधी करू?

खटपट्या: `maxReceiveCount` ५० करून टाक. तात्पुरती अडचण असेल तर मेसेज आपोआप पार होतील.

मीनल_बॅकएंड: शुक्रवारचे गेले कारण स्टँडर्ड रांगेत मेसेजचं वय मूळ रांगेत शिरल्यापासूनच मोजतात, डीएलक्यूत गेल्यावर ते शून्य होत नाही. फिफोत होतं. म्हणून डीएलक्यूचं रिटेन्शन आधी १४ दिवस कर, त्याहून जास्त मिळत नाही.

खटपट्या, थांबायला हवं हे बरोबर, पण ज्या ऑर्डरीत जीएसटी क्रमांकाचा रकानाच रिकामा आहे ती पन्नास वेळा चालवूनही पडणारच. चकोर, तुझे तीन प्रयत्न दीड मिनिटात संपतात आणि सर्व्हिस दहा मिनिटं बंद होती. प्रयत्न ५ ठेव, पण सर्व्हिसकडून उत्तर आलं नाही तर वर्करने `ChangeMessageVisibility` वापरून आधी ३० सेकंद, मग २, १०, ३० मिनिटं असं थांबावं. डेटाच चुकीचा असेल तर वाट न बघता वर्करनेच मेसेज डीएलक्यूत टाकून मूळ रांगेतून काढावा.

सह्याद्री७७: आमच्याकडे रॅबिटएमक्यू आहे, तिथे टीटीएल संपलेले मेसेजही डेड लेटरमध्ये येतात. तुझे तसेच आले असतील.

मीनल_बॅकएंड: एसक्यूएसमध्ये तसं होत नाही. मुदत संपली की मेसेज थेट पुसला जातो.

चकोर_पुणे: समजलं. मग रोज सकाळी एकदा बघितलं तर चालेल?

मीनल_बॅकएंड: आधी अलार्म लाव: डीएलक्यूचा `ApproximateNumberOfMessagesVisible` शून्याच्या वर गेला की कळव. `NumberOfMessagesSent` वर लावू नकोस, आपोआप सरकलेले मेसेज त्यात धरले जात नाहीत. मग एकच मेसेज आला असेल तर सकाळी बघ. पाच-दहा मिनिटांत ढीग लागला तर लगेच ऊठ, बहुतेक वेळा सर्व्हिसच पडलेली असते. कारण दुरुस्त झाल्याशिवाय रीड्राइव्ह करू नकोस, तेच मेसेज परत येतील.

चकोर_पुणे: आणि मधल्या काळात ग्राहकाने रद्द केलेली ऑर्डर रीड्राइव्हमध्ये आली तर? बिल निघेल ना.

खटपट्या: वर्करने बिल काढण्याआधी ऑर्डरची सद्यस्थिती डेटाबेसमधून बघावी.

चकोर_पुणे: ऑर्डरचा डेटाबेस दुसऱ्या टीमकडे आहे, त्यांच्या एपीआयला ढिगाचा भार झेपेल का हे विचारावं लागेल. कोणी रीड्राइव्हचा वेग मर्यादित ठेवून हे केलंय का?