‘उदासीन मतदार’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

पंचवटीकर: आपल्या नाशिक महापालिकेची निवडणूक झाल्यावर एके ठिकाणी वाचलं, ‘तरुण मतदार उदासीन’. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून माझी पुतणी महिनाभर रोज संध्याकाळी तिकडे जात होती. फलक रंगवून रंगवून नखं हिरवी झालेली. आणि १५ जानेवारीला, मतदानाच्या दिवशी, बाईसाहेब घरी. हिला उदासीन म्हणायचं का? शब्द चुकतोय की पुतणी?

कॉलेज रोड: शब्द बरोबर आहे. उदासीन म्हणजे उदास, खिन्न. राजकारणाला विटलेली पोरं आहेत ही.

जुना मास्तर: दोन्ही शब्द एकाच घरचे, पण संसार वेगळे. उद् + आसीन, म्हणजे बाजूला बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात ‘उदासीन’ नावाचा राजा आहे. तो दुःखी नाही, दुबळा तर नाहीच. तो दुसऱ्यांच्या भांडणापासून लांब असतो, एवढंच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला कुंभात उदासीन आखाडे येतात, त्यांची मिरवणूक पाहून कोणी खिन्न म्हणेल का? तेव्हा जी बाजूला बसलीच नाही, ती उदासीन कशी? ‘अनास्था’ही चालणार नाही, कारण आस्था तर नखांवर दिसतेय.

यादीवाली बाई (बीएलओचं काम केलेली शिक्षिका): मास्तर, अडचण ‘उदासीन’मध्ये नाही, ‘मतदार’मध्ये आहे. पंचवटीकर, पुतणीला अठरा कधी पूर्ण झाली?

पंचवटीकर: गेल्या ऑगस्टात. २०२५च्या.

यादीवाली बाई: मग संपलंच. या निवडणुकीला १ जुलै २०२५ची यादी धरली होती. तिचं नाव त्यात येणंच शक्य नव्हतं. नाव नोंदवायला आता वर्षात चार तारखा मिळतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. पण निवडणुकीसाठी एका तारखेची यादी घेतात, त्यानंतरचे सगळे बाहेर. तपोवनात मात्र कोणी जन्मतारीख विचारत नाही.

जुना मास्तर: हे छान निघालं. ‘दार’ हा फारसी प्रत्यय, बाळगणारा या अर्थाचा. जमीनदार, दुकानदार, तसा मतदार. मत ज्याच्याकडे आहे तो, देवो वा न देवो. पुतणी ‘उदासीन’ नाही आणि ‘मतदार’ही नाही. दोन शब्दांत दोन चुका.

सातपूर कॉलनी: माझा मुलगा पुण्यात होस्टेलवर आहे, नाव इथल्या यादीत. त्याला टपालाने मत देता येतं का?

यादीवाली बाई: नाही ताई. विद्यार्थ्यांना ती सोय नाही. होस्टेलच्या पत्त्यावर नाव हलवता येतं, त्यासाठी नमुना ८ भरायचा. पण मग इथलं जातं.

सातपूर कॉलनी: तिथलं तरी कशाला, दोन वर्षांत खोली सोडेल. पण २०२४च्या ऑगस्टमध्ये एमपीएससीची आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा रात्रभर पुण्यात रस्त्यावर बसला होता. दोन-तीन दिवसांत एमपीएससीची पुढे ढकलली. फोनवर म्हणाला, आई, बघितलंस?

पंचवटीकर: आणि इकडे आपली महापालिका. २०१७ला निवडणूक, मुदत २०२२ला संपली, पुढची थेट २०२६ला. मधल्या काळात अठरा ओलांडलेला पंचविशीतला नाशिककर आत्ता पहिल्यांदा नगरसेवक निवडतोय. त्याने एरवी वॉर्डातल्या पाण्यासाठी काय करायचं? मोर्चाच काढणार.

कॉलेज रोड: सगळ्यांचं असं नाही हो. आमच्या इमारतीत नावं असलेली चार पोरं मतदानाच्या दिवशी त्र्यंबक रोडला फिरायला गेली. मी त्यांना उदासीनच म्हणणार. साठीतले आजोबा मात्र काठी टेकत गेले.

यादीवाली बाई: म्हणा. फक्त एक ध्यानात ठेवा, केंद्रावर आम्ही पुरुष किती, स्त्रिया किती, असा हिशेब देतो. वय मांडत नाही. तरुणांचा टक्का कळतो तो नंतरच्या सर्वेक्षणांतून. आणि मतदानाचा टक्का काढतात तो यादीतल्या नावांवर, म्हणून पुतणीसारखी मुलं त्या टक्क्यात कमी म्हणूनसुद्धा मोजली जात नाहीत. आजोबांचं म्हणाल तर ते चाळीस वर्षं एकाच घरात, एकाच शाळेत मत देतात. त्यांना खोली बदलावी लागत नाही.

कॉलेज रोड: तुमचा मुद्दा मान्य, पण त्या चौघांना माफी नाही.

पंचवटीकर: मग पुतणीला म्हणायचं काय? ‘नोंदणीबाह्य’ फारच सरकारी वाटतं.

सातपूर कॉलनी: बेघर तशी ‘बेयादी’?

जुना मास्तर: ‘बे’ही फारसी, ‘यादी’चं मूळही तिकडचंच. जोडी जमली.

कॉलेज रोड: ऐकायला ‘बेइमान’सारखं लागतं.

पंचवटीकर: पुतणीला विचारलं. म्हणाली, नाव काय द्यायचं ते द्या, नमुना ६ कुठे भरायचा ते सांगा.