ट्यूबमधले पंक्चररोधक जेल : पंक्चर मिटते की पुढे ढकलले जाते?

सातारारस्ता : स्कूटरच्या दोन्ही ट्यूबमध्ये अडीचशे-अडीचशे मिली जेल घालून घेतले. पंक्चरची कटकट कायमची मिटली. चाकाचा तोल बिघडतो, नंतर पंक्चर काढता येत नाही, या पंक्चरवाल्यांनी उठवलेल्या आवया आहेत. कोणाला खरोखर त्रास झाला असेल तर सांगावे.

चाकधर : मला त्रास झालेला नाही, पण रबराच्या कामात वीस वर्षे काढल्यामुळे ‘कायमची’ हा शब्द वाचून राहवले नाही. जेलमध्ये ग्लायकॉलच्या घट्ट द्रावात बारीक तंतू आणि रबराचे कण असतात. भोकातून निसटणारी हवाच त्यांना भोकाकडे ओढून नेते आणि तिथे बूच बसते. ट्यूबलेस टायरमध्ये हे छान जमते, कारण टायरचे जाड रबर खिळ्याला सगळीकडून आवळून धरते आणि भोक लहान व गोल राहते. ट्यूबचे रबर पातळ असते आणि हवेने ताणलेलेही असते. तिला खिळा लागला आणि चाक तसेच फिरत राहिले, की भोकाची चीर होते, आणि चिरेत तंतू अडकत नाहीत, ते हवेबरोबर बाहेर फेकले जातात. शिवाय फिरत्या चाकात जेल टायरच्या तळव्याकडच्या बाजूला पसरते. ट्यूबची रिमकडची बाजू कोरडीच राहते. हवा उतरून ट्यूब दबली आणि खिळ्याचे टोक त्या बाजूला लागले, तर तिथे जेलचा काहीही उपयोग नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली तरी तेच. होंडा अ‍ॅक्टिव्हाबरोबर पूर्वी येणाऱ्या टफ-अप ट्यूबमध्ये हा द्राव वेगळ्या कप्प्यात बंद असे. बाजारातले जेल साध्या ट्यूबमध्ये ओतणे आणि ती रचना यांत पुष्कळ अंतर आहे.

नीलांबरी : माझा अनुभव तोलाचा आहे. स्कूटर तीन आठवडे इमारतीखाली उभी होती. पहिल्या दिवशी बाहेर काढली तेव्हा चाळीसच्या वेगाला हँडल असे थरथरू लागले, की मागे बसलेल्या मुलाने माझा खांदा घट्ट धरला. दोन किलोमीटरनंतर थरथर कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. पुढच्या ट्यूबमध्ये चार वर्षांपूर्वीचे जेल आहे.

सातारारस्ता : मॅडम, हा हँडलच्या कोनसेटचा दोष असणार. माझी गाडी साठच्या वेगालाही सरळ जाते. प्रत्येक थरथरीचे खापर जेलवर फोडणे बरोबर नाही.

चाकधर : कोनसेट सैल असला तर थरथर होते, हे मला मान्य आहे, पण तो दोष दोन किलोमीटरनंतर कमी होत नाही. नीलांबरीताई, गाडी उभी राहिली की जेल चाकाच्या तळाशी साचते. दहा इंची चाकात टायरची आतली बाजू आसापासून साधारण वीस सेंटिमीटरवर येते. चाळीसच्या वेगाला तिथे 50 ग्रॅमचा गोळा एकाच जागी असेल, तर तो सुमारे तीन किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर खेचतो, आणि चाक सेकंदाला आठ वेळा फिरत असल्यामुळे हा हिसका सेकंदाला आठदा बसतो. जेल पातळ असेल तर थोडे अंतर गेल्यावर ते सगळीकडे पसरते आणि हिसके थांबतात. चार वर्षांत त्यातले पाणी उडून गेले असेल, तर गोळा ट्यूबला चिकटतो आणि पसरत नाही.

हे घरी तपासता येते. पुढचे चाक जमिनीपासून उचलून घ्या, ब्रेक घासत नाही ना ते पाहा, आणि टायरवर खडूची खूण करून चाक हलकेच फिरवा. असे पाच-सहा वेळा करा. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली, तर तिथे काहीतरी जड बसले आहे. जेल अजून वाहते असेल, तर ते दर वेळी नव्याने तळाशी उतरेल आणि खूण कुठेही थांबेल.

रेवदंडेकर : तोल वगैरे ठीक आहे, पण जेलमुळे रिम गंजते त्याचे काय? माझी मागची रिम आतून पार खाल्ली गेली आहे.

चाकधर : ट्यूबलेस चाकात जेल थेट रिमला लागते, त्यामुळे हलक्या प्रतीच्या जेलने तिथे गंज चढू शकतो. तुमच्या गाडीत मधे ट्यूब आहे, ती फुटल्याशिवाय जेल रिमपर्यंत पोचत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि रिमच्या सांध्यांतून शिरणाऱ्या पाण्याने काय होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

रेवदंडेकर : ट्यूब दोनदा फुटली होती. तरी बरे, थोडे तरी मान्य केलेत.

सातारारस्ता : मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात मागचे चाक बसले, हे मी आधी लिहायला हवे होते. मी पंक्चरवाल्याकडे गेलो, तर त्याने जेलची ट्यूब पाहून हात वर केले आणि नवी ट्यूब घ्यायला लावली. ही सरळ अडवणूक आहे. यांचा धंदा बुडतो म्हणून हे लोक जेलला नावे ठेवतात.

थोरली_हडपसर : माझ्या वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे आणि मी तिथे बसून शाळेचा अभ्यास केला आहे, त्यामुळे ‘हे लोक’ हा उल्लेख मला लागला. साध्या ट्यूबचे पंक्चर बाबा दहा-पंधरा मिनिटांत काढतात. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबायची, बुडबुडा दिसला की खूण करायची, पुसायची, कानस मारायची, सोल्युशन लावायचे, ते हाताला चिकट लागेपर्यंत थांबायचे आणि पॅच दाबायचा. जेलची ट्यूब आली की बुडबुड्याआधी भोकातून हिरवा चिकट ओघळ येतो आणि घमेल्यातले पाणी गढूळ होते, त्यामुळे दुसरे भोक असेल तर दिसतच नाही. भोक पुसून कोरडे केले, की ट्यूब हातात जरा दबताच आतून पुन्हा थेंब येतो. ओलसर रबरावर सोल्युशन धरत नाही. गरम पॅच लावला तर आतला ओलावा वाफ होऊन पॅचखाली फुगा येतो.

मग बाबा व्हॉल्व्हची पिन काढून जेल जमेल तितके पिळून काढतात, जागा पाण्याने धुतात, भोक वरच्या अंगाला येईल अशी ट्यूब टांगतात आणि वाळल्यावरच कानस मारतात. त्यात पाऊण तास जातो. एवढे करून पॅच संध्याकाळी सुटला, तर गिऱ्हाईक त्यांनाच बोल लावते. त्यांनी नवी ट्यूब घ्या म्हटले, तर ती अडवणूक कशी?

सातारारस्ता : तुमच्या वडिलांबद्दल मी बोललो नव्हतो. शब्द चुकला, तो मागे घेतो. पण पाऊण तासाचे पैसे मागावेत, मी दिले असते. मला तो पर्यायच दिला नाही, ही तक्रार मात्र कायम आहे.

थोरली_हडपसर : ती तक्रार मला पटते. बाबा आधी विचारतात; सगळे विचारत नाहीत.

चाकधर : सातारारस्ता, जुनी ट्यूब टाकली नसेल तर ती पाहा. भोक गोल होते की लांबट?

सातारारस्ता : पाहिली. करंगळीच्या नखाएवढी चीर आहे. पंक्चरवाल्याने टायरमधून अर्धा झिजलेला खिळा काढून दिला होता. तो किती दिवस आत होता, मला माहीत नाही, कारण हवा कमी झाल्याचे आधी जाणवलेच नाही.

चाकधर : म्हणजे सुरुवातीला जेलने काम केले. खिळ्याभोवती बूच बसले, हवा टिकली, आणि म्हणूनच तुम्ही टायर तपासला नाही. मग खिळ्याने हळूहळू ट्यूब चिरली. जेल ठेवायचे असेल तर दर आठवड्याला टायरच्या खाचा पाहा. खिळा दिसला तर उपसून हवा भरा आणि लगेच दोन-तीन किलोमीटर गाडी चालवा. हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून मिनिटभर थांबा, नाहीतर जेल पिनेत शिरून पिन चोंदते.

सातारारस्ता : हे करीन. मागच्या नव्या ट्यूबमध्येही जेल घालणार आहे, कारण रात्री घाटात एकदा तरी चाक बसू नये एवढीच माझी अपेक्षा आहे. ‘कायमची’ हा शब्द मात्र मागे घेतो.

नीलांबरी : खडूची खूण सहापैकी पाच वेळा व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला, खालीच थांबली. सहाव्यांदा ब्रेक लागला असावा. उद्या ट्यूब बदलते आणि कोनसेटही दाखवून घेते.